हप्ता थांबला, व्याज नाही

करोनाकाळातील कर्जस्थगितीविषयीच्या आपल्या लेखात (रविवार पुरवणी) तिला ‘हप्तेमाफी’ म्हटले आहे, ते चुकीचे आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. व्याज शिल्लक मुद्दलावर चालूच राहणार, हे २७ मार्चच्या परिपत्रकातच नमूद होते. गृहकर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा बराचसा भाग व्याजातच जातो. त्यामुळे हप्ता थांबला की ते व्याज मुद्दलात मिळते आणि पुढचे व्याज त्या वाढलेल्या रकमेवर लागते.

समजा, ३० लाख रुपये शिल्लक आहेत, दर ९ टक्के आणि मुदत २० वर्षे. हप्ता साधारण २७ हजारांचा. त्यात पहिल्या महिन्याचे व्याजच २२,५०० रुपये. सहा महिने काहीच न भरल्यास कर्ज सुमारे ३१ लाख ३७ हजारांवर जाते. हप्ता तोच ठेवला, तर उरलेल्या २४० हप्त्यांचे जवळपास २७५ होतात! सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत दिला खरा. पण या उदाहरणात तो अडीच हजारांच्या आसपास भरतो. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२१ मध्ये संपूर्ण व्याजमाफी नाकारली.

उत्पन्नच बंद झालेल्यांना ही मुभा हवीच होती. मात्र स्थगिती देताना वाढणाऱ्या हप्त्यांची संख्या कर्जदाराला लेखी कळवणे बँकांना बंधनकारक करावे.

– एक वाचक, पुणे