कार्यकारी समितीच्या रविवारच्या सभेची नोटीस, गणपूर्ती आणि वॉचमन एजन्सीचा ठराव

प्रति,
मा. अध्यक्ष,
कार्यकारी समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, कोल्हापूर

विषय : रविवारी झालेल्या समिती सभेतील सिक्युरिटी एजन्सी बदलण्याच्या ठरावाबाबत

अध्यक्षसाहेब, सप्रेम नमस्कार.

आधीच सांगतो, जुनी एजन्सी राहावी म्हणून हे पत्र लिहीत नाही. रात्रीचा वॉचमन खुर्चीत घोरत असतो हे मीही पाहिले आहे आणि एजन्सी बदलायला माझा विरोध नाही. पण ती ज्या सभेत बदलली, ती सभा नियमाला धरून झालेली दिसत नाही. उद्या कोणी बोट ठेवले तर ठराव टिकणार नाही आणि झळ आपल्या सगळ्यांना बसेल. सहकार कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सभासदाला समिती सभांचे इतिवृत्त पाहता येते. त्यानुसार सेक्रेटरींकडे बसून मी ते वाचले. त्यांनी आढेवेढे न घेता वही पुढे केली, याबद्दल त्यांचे आभार.

पहिला मुद्दा नोटिसीचा. नोटीस गुरुवारी रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि सभा रविवारी सकाळी आठला झाली. आपल्या उपविधींनुसार समितीच्या सभेसाठी सेक्रेटरीने प्रत्येक समिती सदस्याला पूर्ण तीन दिवसांची नोटीस द्यायची असते आणि तीत तारीख, वेळ, जागा व कामकाजाचे विषय असावे लागतात. यातला ‘पूर्ण’ हा शब्द नुसता शोभेला नाही. नोटीस मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचा दिवसही धरायचा नाही, मधले मोकळे दिवस तीन भरले पाहिजेत. गुरुवार आणि रविवार वगळला की शुक्रवार आणि शनिवार उरतात, म्हणजे दोनच. सभा सोमवारी ठेवली असती तर हा प्रश्नच आला नसता.

त्यातही तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका काकू त्या ग्रुपवर नाहीत. त्यांचा फोन जुना, बटणांचा आहे. त्या निवडून आलेल्या समिती सदस्य आहेत, पण सभा झाल्याचे त्यांना सोमवारी भाजीवाल्याच्या गाडीपाशी कळले. मला विचाराल तर दिवस कमी पडण्यापेक्षा हा दोष मोठा आहे. मुदत कमी पडली तरी सगळे सदस्य हजर राहिले आणि कोणी हरकत घेतली नाही, तर ती उणीव बहुधा भरून निघते, कारण ज्यांच्यासाठी नोटीस असते तेच सभेला बसलेले असतात. इथे पाच जण गैरहजर होते आणि त्यांतल्या एकीला तर निमंत्रणच पोचले नव्हते. ‘त्या आल्या असत्या तरी बहुमत आपलेच होते’ हे उत्तर चालत नाही. त्या येऊन काय बोलल्या असत्या आणि त्यावर कोणाचे मत फिरले असते, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

दुसरा मुद्दा विषयपत्रिकेचा. नोटिसीत तीनच विषय होते : मागील इतिवृत्त, महिन्याचा जमाखर्च आणि ‘ऐनवेळचे विषय’. एजन्सी बदलणे, नव्या एजन्सीशी वर्षाचा करार करणे आणि जुनीला काढल्याचे पत्र देणे हे सगळे त्या ऐनवेळच्या विषयांत उरकले. ऐनवेळच्या खात्यात किरकोळ गोष्टी बसतात. जिन्यातला बल्ब गेला, टाकी धुण्याची तारीख ठरवायची, एखादे पत्र आले ते वाचून दाखवायचे, असे काही. दरमहा प्रत्येक फ्लॅटच्या मेंटेनन्सवर बोजा टाकणारा वर्षाचा करार हा ऐनवेळचा विषय नव्हे. नोटीस वाचून एखाद्याने ‘जमाखर्चच आहे, नाही गेलो तर चालेल’ असे ठरवले असेल, तर त्याला दोष कसा देणार? शिवाय नव्या एजन्सीचे दरपत्रक सभेच्या आदल्या दिवशीच आले होते, असे वहीवरून दिसते. म्हणजे विषय ऐनवेळी उपटला नव्हता, तो फक्त नोटिसीत लिहिला गेला नव्हता.

आता गणपूर्ती. माझ्या मते सगळ्यात अवघड जागा इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपली समिती 11 जणांची आहे, सगळ्या जागा भरलेल्या आहेत आणि उपविधींनुसार गणपूर्ती 6 आहे. हजेरीपटावर सहा सह्या आहेत. आठ वाजता सहा जण बसले, इतिवृत्त वाचले, जमाखर्च झाला. तोवर सगळे ठीक होते. पावणेनऊच्या सुमारास तात्या पाहुण्यांकडच्या साखरपुड्यासाठी गारगोटीला निघाले. हे मला त्यांनीच सांगितले. वहीत त्यांच्या जाण्याची नोंद नाही. एजन्सीचा विषय त्यानंतर निघाला. त्या वेळी खोलीत पाच जण होते. मग पुण्याला असलेल्या सदस्यांना फोन लावला, ते म्हणाले ‘माझी संमती धरा’, आणि वहीत ‘उपस्थित 7, ठराव सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले गेले.

सभेच्या सुरुवातीला सहा जण होते, मग पुढे कितीही उठून गेले तरी सभा चालते, असा समज आपल्याकडे सर्रास आहे. समितीच्या कामकाजाला तो लावता येत नाही. गणपूर्ती ज्या घडीला ठराव होतो त्या घडीला असावी लागते. सही सकाळी आठची असली तरी पावणेनऊनंतर तात्यांचे मत मोजता येत नाही. आणि फोनवर ‘हो’ म्हणणे म्हणजे उपस्थिती नव्हे. त्या सदस्यांनी दरपत्रक पाहिले नव्हते, चर्चा ऐकली नव्हती. त्यांना फक्त निकाल कळवला गेला आणि त्यांनी होकार दिला. त्यामुळे ठरावाच्या वेळी हजर फक्त पाच, म्हणजे गणपूर्तीला एक कमी.

मी हे बोललो तेव्हा एकजण म्हणाले, ‘अर्धा तास थांबून सभा घेतली असती तर चाललं असतं ना?’ ती सोय वार्षिक सर्वसाधारण सभेची आहे. तिथे गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासाने सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. गावाकडच्या दूध संस्थेत आपण हे लहानपणापासून पाहिले आहे, म्हणून तीच रीत सगळीकडे चालते असे वाटते. समितीच्या सभेला आपल्या उपविधींत अशी सवलत नाही. गणपूर्ती मोडली की कामकाज थांबवायचे, वहीत वेळ लिहायची आणि पुन्हा नोटीस काढायची.

मग होणार काय? सेक्रेटरींचे म्हणणे होते की कायद्याच्या कलम 77 मुळे असे दोष माफ होतात. ते कलम मी वाचले. समितीच्या रचनेत किंवा एखाद्या पदाधिकाऱ्याच्या निवडीत नंतर काही दोष सापडला, तर सद्भावनेने केलेले काम केवळ तेवढ्यावरून अवैध ठरत नाही, असे ते म्हणते. उदाहरणार्थ, एखादा सदस्य अपात्र असल्याचे वर्षभराने कळले, तर त्याने दिलेली सगळी मते रद्द होऊन संस्थेची घडी विस्कटू नये, यासाठी ते आहे. आपली समिती रीतसर निवडलेली आहे, तिच्या रचनेत दोष नाही. दोष सभेत आहे आणि तो नंतर सापडलेला नाही, खोलीतल्या पाचही जणांना त्या वेळी दिसत होता. म्हणून त्या कलमाच्या आधारावर फार विसंबू नये, असे मला वाटते.

दुसरा गैरसमज : पुढच्या सभेत ‘इतिवृत्त कायम’ केले की सगळे पक्के होते. इतिवृत्त कायम करणे म्हणजे जे घडले ते वहीत बरोबर उतरले आहे एवढेच मान्य करणे. त्याने कच्चा ठराव पक्का होत नाही. उलट आज आहे ते इतिवृत्त कायम केले, तर सात जण हजर होते ही चुकीची नोंद समितीच स्वतःच्या सहीने पक्की करील. ऑडिटरने हजेरीपट आणि इतिवृत्त शेजारी ठेवले तर सहा सह्या आणि सात नावे त्यांच्या लगेच लक्षात येतील. तसा शेरा आला की दोष दुरुस्ती अहवालात खुलासा करत बसा.

पैशाची बाजू अशी. जुन्या एजन्सीच्या करारात एक महिन्याची पूर्वसूचना आहे. आपण आठ दिवसांत काढले, तेही अशा ठरावाच्या जोरावर. ती महिन्याचे पैसे मागायला आली तर आपली बाजू दोन्हीकडून कमकुवत आहे. नव्या एजन्सीची मात्र यात चूक नाही. अध्यक्ष-सेक्रेटरींच्या सहीचे पत्र पाहून तिने माणसे लावली. आपल्या सभेत कोण कधी उठून गेले, हे तिने तपासावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. जेवढे दिवस तिची माणसे गेटवर उभी राहिली तेवढ्याचा मोबदला द्यावाच लागेल. म्हणजे एका महिन्यासाठी दोन एजन्सींची बिले येऊ शकतात. आणि ती कोणाच्या खात्यावर, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत निघाला की कलम 73 खाली समिती सदस्यांच्या संयुक्त जबाबदारीची चर्चा होईल. त्यात तात्याही येतील, ज्यांनी मतच दिले नाही पण ज्यांचे नाव वहीत ‘सर्वानुमते’मध्ये आहे.

माझी विनंती अशी आहे. वहीतली मूळ नोंद खोडू नका, मागच्या तारखेने काही घालू नका आणि तात्यांची किंवा काकूंची आता सही घेऊ नका. नवी सभा बोलवा. विषय नोटिसीतच स्पष्ट लिहा : ‘सिक्युरिटी एजन्सी बदलणे, दरपत्रकांचा विचार, करार व जुन्या एजन्सीची पूर्वसूचना’. दरपत्रकांच्या प्रती सोबत द्या. काकूंना कागदी नोटीस देऊन पोच घ्या, इतरांना ग्रुपवर टाकली तरी पोच लिहून ठेवा. सभेत मागील इतिवृत्तातील उपस्थितीची दुरुस्ती आधी नोंदवा, म्हणजे तात्या किती वाजता गेले आणि पुण्याचे सदस्य हजर नव्हते हे लिहिले जाईल. मग एजन्सीचा निर्णय नव्याने घ्या, त्या दिवसापासून. मधल्या दिवसांचे पैसे वेगळ्या ठरावाने मंजूर करा आणि जुन्या एजन्सीचा महिना कसा मिटवायचा तेही त्याच वेळी ठरवा. विषय निघेल तेव्हा सेक्रेटरींनी माणसे मोजून आकडा वहीत लिहावा. तोवर नव्या एजन्सीच्या वर्षाच्या करारावर सही करू नये.

या आठवड्यातच करायचे असेल तर नोटीस बुधवारी रात्रीपर्यंत अकराही जणांच्या हाती पडली पाहिजे. मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार मोकळे मिळतात आणि रविवारी सभा घेता येते. बुधवार चुकला तर सोमवार संध्याकाळ बरी, तात्याही त्या दिवशी कोल्हापुरातच आहेत.

आपला,
बी विंगमधील एक सभासद

प्रत : मा. सेक्रेटरी