सूचना : दोन पॅन असलेल्या सभासदांसाठी

आपल्या एका सभासद भगिनींनी लग्नानंतर नाव बदलताना दुरुस्तीऐवजी नव्या पॅनसाठीच अर्ज केला, आणि जुना क्रमांक मुदत ठेवीला तसाच जोडलेला राहिला. कायद्याने एका व्यक्तीला एकच पॅन ठेवता येतो व दुसऱ्यासाठी १०,००० रुपये दंड होऊ शकतो, म्हणून नोटिशीची वाट पाहू नये. विवरणपत्र व आधार ज्या क्रमांकाशी जोडलेले आहे तोच ठेवावा. पॅन दुरुस्तीच्या अर्जात वर तो लिहून, जादा क्रमांक अकराव्या रकान्यात नोंदवावा व त्या कार्डाची प्रत जोडावी. त्याआधी बँकेतील ठेवींवरचा क्रमांक मात्र आठवणीने बदलून घ्यावा, नाहीतर कापलेला कर रद्द होणाऱ्या पॅनवरच जमा दिसत राहतो. अर्जाची पोचपावती जपून ठेवावी.

— सचिव