केस बांधूनच बसणार आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर विषय अर्धाच राहिला, म्हणून लिहिते. तसंही फोनवर मला निम्मंच ऐकू येत होतं. गुरुवारी मुलाखत आहे. आई म्हणते, कानाचं बोलू नकोस, केस मोकळे सोड, म्हणजे श्रवणयंत्र दिसणार नाही. बाबा म्हणतात, आधी दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढ, मग सोय हक्काने माग.

बाबा, सर्टिफिकेट मिळायचं नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कमी ऐकू येणारे' या गटात बसायला दोन्ही कानांत किमान 60 डेसिबलची हानी लागते. माझ्या ताज्या ऑडिओग्रामवर उजवा कान 52, डावा 55. अडचण खरी, पण कागदावर बसत नाही. सोय मागायला कुणी अडवत नाही, फक्त कार्ड पुढे करून मागता येत नाही.

आणि आई, लपवून काय झालं ते तुला सांगितलंच नव्हतं. मार्चमधली मुलाखत फोनवर झाली. पन्नास व्हेंडरांची बिलं कशी जुळवशील, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी 'फिफ्टी'चं 'फिफ्टीन' ऐकलं आणि "हातानेच, अर्ध्या दिवसात होईल" म्हणून मोकळी झाले. पलीकडे शांतता. त्यांना वाटलं असणार, हिला कामाचा अंदाजच नाही. साध्या फोनवर सुमारे 3400 हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो आणि माझं ऐकणं नेमकं वरच्या पट्टीतच जास्त कमी आहे. स, फ, थ गायब होतात, उरतात नुसते स्वर. व्हिडिओवर आवाज जास्त भरीव येतो, शिवाय ओठ दिसतात.

म्हणून या वेळी बायोडेटात काहीच लिहिलं नाही. तिथे लिहिलं तर बोलावण्याआधीच चाळणी लागायची भीती. मुलाखतीची तारीख पक्की झाल्यावर त्याच दिवशी एचआरला मेल केली: "मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मी श्रवणयंत्र वापरते. मुलाखत फोनऐवजी व्हिडिओवर घ्यावी, बोलणाऱ्याचा कॅमेरा सुरू असावा, कॅप्शन चालू ठेवावीत आणि एका वेळी एकानेच बोलावं." बस्स. कधीपासून, कशामुळे, उपचार काय, यातलं एक अक्षर नाही. ते विचारतील तर "कामात यंत्राने भागतं, मीटिंगला कॅप्शन लागतात" एवढंच सांगेन. (कॅप्शनवरही फार भिस्त नाही. इंग्रजीत मराठी आडनाव आलं की त्यांचा गोंधळ उडतो.)

मेल मिळाली हे कळवायला एचआरच्या बाईंनी काय केलं असेल? फोन! मी वाजू दिला आणि मेसेज टाकला, "कृपया इथेच लिहा." मग त्यांनाच हसू आलं असावं. पाच मिनिटांत व्हिडिओची लिंक आली, खाली लिहिलेलं, समोर दोघे असतील, आळीपाळीने बोलतील.

बाबा, तरी जिल्हा रुग्णालयात एकदा दाखवून येईन, तुमच्या समाधानासाठी.

आणि आई, केस बांधूनच बसणार आहे. मोकळे केस यंत्राच्या माइकवर घासले की कानात नुसती खरखर होते.

तुमची,
मनू