लाखाचा रोखा पंचवीस हजारांना का?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या गुंतवणूक पानावरील शून्य कूपन रोख्यांविषयीचा, म्हणजे मधे व्याज न देता मुदतीअखेर एकरकमी पैसे देणाऱ्या रोख्यांविषयीचा, लेख वाचून मला राहवले नाही, म्हणून हे पत्र. वीस वर्षांनी एक लाख देणारा रोखा आज पंचवीस हजारांच्या आसपास मिळतो, याला आपल्या लेखकांनी ‘७५ टक्के सूट’ म्हटले आहे आणि इतकी सूट देणाऱ्या संस्थेची परिस्थिती नाजूक असणार, असा निष्कर्षही काढला आहे. मी चौतीस वर्षे बँकेत काम करून निवृत्त झालो आहे आणि माझ्या मते या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

लाख रुपये वर्षभराने मिळणार असतील आणि बाजारात सात टक्के व्याज मिळत असेल, तर त्या लाखाची आजची किंमत ९३,४५८ रुपये होते, कारण एवढीच रक्कम सात टक्क्यांनी गुंतवली की वर्षाने तिचे लाख होतात. दोन वर्षे थांबायचे असेल तर पुन्हा एकदा १.०७ ने भागायचे, म्हणजे ८७,३४४. असे दहा वेळा भागले की ५०,८३५ उरतात आणि वीस वेळा भागले की २५,८४२. आपल्या आजीआजोबांना जी दामदुप्पट तोंडपाठ होती, तीच येथे उलट दिशेने मोजली आहे: सव्वासात टक्क्यांच्या आसपास पैसा दहा वर्षांत दुप्पट आणि वीस वर्षांत चौपट होतो, म्हणून लाखाचा आजचा भाव चौथा हिस्सा. मधल्या काळात रोखेधारकाच्या हातात एक रुपयाही पडत नाही. वीस वर्षांचे सगळे व्याज, व्याजावरच्या व्याजासह, खरेदीच्या दिवशीच किमतीतून वजा झालेले असते. दुकानदार कापडावर देतो त्या सवलतीशी याचे काही नाते नाही.

संस्था नाजूक असल्याचा निष्कर्षही टिकत नाही. रिझर्व्ह बँक केंद्र सरकारची ९१ दिवसांची ट्रेझरी बिले विकते तीही व्याजाविना आणि दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने; साडेसहा टक्के दर असेल तर शंभराचे बिल सुमारे ९८ रुपये ४० पैशांना जाते. भारत सरकार नाजूक आहे, असे त्यावरून कोणी म्हणत नाही. जोखमीचा भाव किमतीत असतोच, पण तो किती हे वेगळे काढून पाहावे लागते. समजा, सरकारी कागदावर सात टक्के मिळतात आणि एखाद्या कमी भरवशाच्या कंपनीला त्याच वीस वर्षांसाठी नऊ टक्के द्यावे लागतात. तिचा लाखाचा रोखा १७,८४३ रुपयांना विकला जाईल. दर्शनी किमतीपेक्षा तो ब्याऐंशी हजारांनी कमी आहे, परंतु त्यातले सुमारे चौऱ्याहत्तर हजार निव्वळ काळाचे आहेत आणि जोखमीचे म्हणावे असे आठ हजारच. ही तुलना करायची तर त्याच मुदतीचा सरकारी रोखा शेजारी ठेवावा लागतो. आपल्या लेखकांनी तो ठेवलेलाच नाही.

आता ज्या गोष्टीचा लेखात उल्लेखही नाही, तिच्याविषयी लिहितो, कारण ती आमच्या घरात घडली आहे. माझ्या वडिलांनी १९९६ साली एका वित्तीय संस्थेचे पाच डीप डिस्काउंट बाँड घेतले होते. प्रत्येकी चार हजार रुपये द्यायचे आणि पंचवीस वर्षांनी, म्हणजे २०२१ साली, प्रत्येकी एक लाख मिळायचे. वर्षाला पावणेचौदा टक्के पडत होते. नौपाड्यातल्या आमच्या चाळीतल्या खोलीत, कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाखाली ती पाच प्रमाणपत्रे ठेवलेली असत. वडिलांनी डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी डकवली होती आणि तिच्यावर शाईने ‘नातीसाठी, २०२१, पाच लाख’ असे लिहिले होते.

दहा वर्षांनी संस्थेने सर्व बाँड परत घेतले. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात तसा अधिकार तिने स्वतःकडे राखून ठेवला होता आणि दहाव्या वर्षी द्यायची रक्कमही तेथे छापलेली होती: प्रत्येकी १४,५०० रुपये. चार हजारांचे साडेचौदा हजार होणे म्हणजे दहा वर्षांसाठी तोच पावणेचौदा टक्के दर, त्यामुळे हिशेबात कोणी लबाडी केली, असे मी म्हणत नाही. पण तोपर्यंत व्याजदर खूप खाली आले होते. नव्या गुंतवणुकीवर नऊ टक्के मिळत होते असे धरले, तर पंधरा वर्षांनी लाख देणाऱ्या कागदाची त्या दिवशीची किंमत २७,४५४ रुपये होती. म्हणजे संस्थेने साडेसत्तावीस हजारांची वस्तू साडेचौदा हजारांत परत नेली. तेच साडेचौदा हजार वडिलांनी नऊ टक्क्यांनी पुन्हा गुंतवले असते, तरी २०२१ साली लाखाऐवजी त्रेपन्न हजारांच्या आसपासच हाती आले असते.

शून्य कूपन रोख्याचे मोठे बलस्थान हे की मधले व्याज पुन्हा कोठे आणि किती दराने गुंतवायचे, ही चिंता राहत नाही. खरेदीच्या दिवशीचा दर शेवटपर्यंत टिकतो. दर उतरले की अशा रोख्याचा भाव त्याच मुदतीच्या, व्याज देणाऱ्या रोख्यांपेक्षा जास्त चढतो, तोही याच कारणाने. परंतु परत घेण्याचा अधिकार विकणाऱ्याच्या हाती असेल, तर दर चढले तेव्हा तोटा धारकाचा आणि दर उतरले तेव्हा फायदा संस्थेचा, असा व्यवहार होतो. असा रोखा घेणाऱ्याला तो बिनअधिकाराच्या रोख्यापेक्षा स्वस्त मिळायला हवा. वडिलांना तो तसा मिळाला होता का, हे तपासायला त्या वेळी आमच्यापैकी कोणी बसले नाही. मी बँकेत होतो आणि मीही प्रमाणपत्र उलटून पाहिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यातही परतफेडीची सूचना चाळीच्या जुन्या पत्त्यावर गेली. आम्ही तोवर कोपरीला राहायला आलो होतो. परतफेडीच्या तारखेपासून व्याज थांबते, ही अटही मागच्याच बाजूला होती. आम्हाला कळेपर्यंत एकोणीस महिने लोटले आणि त्या एकोणीस महिन्यांचे साडेबहात्तर हजारांवर काहीही मिळाले नाही.

म्हणून लेखकांना माझी विनंती आहे की वाचकांना सूट किती हे सांगण्याऐवजी परत घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे, कोणत्या वर्षी आहे आणि त्या वर्षी किती रक्कम मिळेल, हे आधी पाहायला सांगावे. पहिल्या अशा तारखेपर्यंतचाच दर खात्रीचा मानावा आणि किंमत त्यावरून जोखावी.

जाता जाता आणखी एक. आपल्या पानावरील रोख्यांच्या तक्त्यात भाव आणि मुदतपूर्तीचे वर्ष असते, परंतु कॉलची, म्हणजे रोखा परत घेण्याची, तारीख नसते आणि अलीकडे अक्षरही इतके बारीक झाले आहे की भिंग घेतल्याशिवाय ते मला वाचता येत नाही. आणखी एक रकाना घालायला जागा नसेल, तर शेजारची राशिभविष्याची चौकट थोडी आवरावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
कोपरी, ठाणे (पूर्व)