शुक्रवारची साप्ताहिक बैठक बुधवारी, २९ एप्रिलला

सर्वांना नमस्कार. शुक्रवारी १ मे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्याने या आठवड्याची लेखा विभागाची बैठक बुधवारी, २९ एप्रिल २०२६ रोजी दुपारी ४ ते ४.४५ या वेळेत घेऊ. जागा आणि लिंक नेहमीचीच. पुढची बैठक ८ मेला, शुक्रवारीच सकाळी ११ वाजता.

गुरुवार मुद्दामच टाळला आहे. मार्चमध्ये कापलेला टीडीएस भरायची शेवटची तारीख ३० एप्रिल आहे. त्या संध्याकाळी पेमेंट अडकलं तर शुक्रवारी बँकेची शाखा बंद, आणि उशीर एका दिवसाचा असला तरी व्याज कपातीच्या तारखेपासून लागतं. १० मार्चला कापलेले ४०,००० रुपये १ मेला भरले, तर मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने धरून दरमहा १.५ टक्क्याने १,८०० रुपये जातील.

त्यामुळे बैठकीत पहिली २५ मिनिटं फक्त टीडीएस: खातेवहीतली कपात आणि चलनाची रक्कम कलमवार जुळवायची. चलनावर निर्धारण वर्ष २०२६-२७ आहे ना, हे भरण्याआधीच पाहा. इथेच दरवर्षी घोळ होतो. नंतर एप्रिलचे पगार आणि पुरवठादारांची थकीत बिलं.

आपापली यादी बुधवारी दुपारी १ पर्यंत शेअर्ड फोल्डरमध्ये टाका. येणं जमणार नसेल तर इथेच कळवा, म्हणजे तुमची चलनं कोण पाहणार ते आधी ठरवता येईल.