दोन अर्थपिट जोडा, वायरलेस सेट वाचवा: मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

वादळात मोबाइलचे नेटवर्क गेले की तालुक्याच्या नियंत्रण कक्षाची मदार वायरलेस सेटवर असते. हे सेट आणि त्यांचे टॉवर उभारणे, दुरुस्त करणे हे माझे काम आहे. वळवाच्या दिवसांत, नेमकी गरज लागते तेव्हाच हे सेट जळतात. यातले बरेचसे जळणे टाळता येण्याजोगे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एका तालुका कार्यालयातले उदाहरण देतो. इमारतीला लागून पंधरा मीटरचा टॉवर, पायाशी अर्थपिट, म्हणजे वीज जमिनीत सोडणारा खड्डा, त्याचा रोध 3 ओहम. इमारतीच्या मागे मीटरजवळ विजेच्या पुरवठ्याचा वेगळा अर्थपिट, 5 ओहम. कागदावर दोन्ही चोख. तरी टॉवरवर वीज पडली आणि सेट गेला. उघडून पाहिले तर अँटेनाच्या सॉकेटपासून पॉवर सप्लायच्या अर्थ वायरपर्यंतचा तांब्याचा पट्टा उडालेला होता आणि थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काळी पडली होती. म्हणजे वीज केबलमधून आत आली आणि सेटमधून आरपार होऊन इमारतीच्या अर्थिंगकडे निघून गेली.

असे का होते, ते साध्या गुणाकाराने कळते. टॉवरवर 20,000 अँपिअरचा झटका आला असे धरू. निसर्गात याहून मोठे झटके नेहमी येतात. 3 ओहमच्या अर्थपिटातून तो जमिनीत जाताना टॉवर क्षणभर 60,000 व्होल्टवर चढतो. मागचा अर्थपिट मात्र जवळपास शून्यावरच असतो. या दोघांना जोडणारी एकच वाट उरते: अँटेनाच्या केबलचे कवच, सेट आणि पॉवर सप्लाय. टॉवरचा अर्थपिट 1 ओहमचा केला तरी फरक 20,000 व्होल्टचा राहतो. म्हणून ‘अर्थिंग अमुक ओहमच्या आत असावे’ एवढ्या एका अटीवर सेट वाचत नाही. त्या वेळी ऑपरेटरचा हात हँडसेटवर असेल, तर प्रश्न फक्त सेटचा राहत नाही.

उपाय म्हणजे दोन्ही अर्थपिट जमिनीखालून, इमारतीच्या बाहेरून, रुंद पट्टीने एकमेकांना जोडणे. मग टॉवर चढला तर इमारतीचे अर्थिंगही त्याच्याबरोबर चढते आणि सेटच्या दोन टोकांत फारसा फरक राहत नाही. पट्टीतही थोडा व्होल्टेज पडतोच, म्हणून दुसरी गोष्ट लागते. केबल इमारतीत शिरते तिथे, जमिनीलगत, भिंतीवर धातूची एक प्लेट बसवायची. अँटेनाच्या केबलचा अरेस्टर, म्हणजे झटका जमिनीकडे वळवणारे उपकरण, विजेच्या पुरवठ्यासाठी तेच काम करणारा एसपीडी आणि टॉवरवर इंटरनेटचे रेडिओ असतील तर त्यांच्या केबलचे अरेस्टर, सगळे त्या एकाच प्लेटवर. सेटची बॉडीही तिलाच जोडायची.

आज बहुतेक ठिकाणी केबल पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आत येते, अरेस्टर खिडकीपाशी लटकतो आणि त्याची बारीक हिरवी वायर सहा मीटर खाली उतरते. अशा वायरचा ओहममध्ये रोध नगण्य असतो, पण वीज एक-दोन मायक्रोसेकंदांत चढते आणि तेव्हा वायरचा प्रेरण गुणधर्म, म्हणजे झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध, आड येतो. दर मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री धरली आणि झटका दोन मायक्रोसेकंदांत 20,000 अँपिअरवर गेला, तर मीटरमागे 10,000 व्होल्ट पडतात. झटक्याचा थोडाच हिस्सा या वायरीत आला तरी सहा मीटरवर अरेस्टर असून नसल्यासारखा होतो. म्हणून पट्टी रुंद हवी, सरळ हवी आणि शक्य तितकी आखूड हवी. केबलचे कवचही टॉवरला वर अँटेनापाशी आणि खाली इमारतीकडे वळण्याआधी, दोन्हीकडे जोडलेले हवे.

याची तपासणी सोपी आहे. अँटेनाची केबल सोडवून ठेवायची, नाहीतर तिचे कवचच दोन्ही अर्थिंग जोडून फसवे माप देते. मग टॉवरचा पाय आणि इमारतीची अर्थपट्टी यांच्यामध्ये अर्थ टेस्टरने रोध मोजायचा. जोडणी असेल तर एका ओहमच्या खूप खाली आकडा येतो. सुरुवातीला सांगितलेल्या तालुका कार्यालयात तो जवळपास 8 आला होता, म्हणजे 3 आणि 5 ची बेरीज. दोन खड्ड्यांमध्ये फक्त माती होती.

एवढे करूनही थेट पडलेल्या प्रत्येक विजेतून सेट वाचेलच, असे मी म्हणणार नाही. ढग गडगडू लागल्यावर केबलला हात न लावणे हा नियम राहतोच.

अर्थिंगसाठी आयएस 3043 आणि विजेपासून संरक्षणासाठी आयएस/आयईसी 62305 ही भारतीय मानके उपलब्ध आहेत. समपातळी जोडणीचे, म्हणजे सगळे अर्थिंग एकत्र जोडून एकाच व्होल्टेजवर ठेवण्याचे तत्त्व त्यांत आहे. माझी मागणी अशी की आपल्या खात्याच्या टॉवर निविदांमध्ये दोन्ही अर्थपिटांची जोडणी आणि प्रवेशाजवळची प्लेट यांची वेगळी बाब व वेगळा दर असावा. आज ती बाबच नसल्याने प्रामाणिक ठेकेदारालाही ते काम स्वखर्चाने करावे लागते. वर सांगितलेले माप कनिष्ठ अभियंत्याने स्वतः घेऊन नोंदवहीत लिहिल्याशिवाय अंतिम बिल मंजूर होऊ नये. जुन्या टॉवरांचे हेच माप दरवर्षी एप्रिलअखेर, वळीव सुरू होण्याआधी घ्यावे.

आपला,
एक वायरलेस तंत्रज्ञ