‘टोकन सापडले नाही’ म्हणजे नेमके काय सापडले नाही?

संपादक महोदय,

विवरणपत्रांची मुदत जवळ आली की पोर्टलचा सर्व्हर बसल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात. त्या खऱ्याच असतात. पण करसल्लागारांच्या कार्यालयात त्या दिवसांत जो वेळ फुकट जातो, त्यातला बराच सर्व्हरमुळे जात नाही, तो एका ओळीमुळे जातो. डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे पेनड्राइव्हसारखे छोटे उपकरण, यूएसबीत लावलेले असते, त्याचा बारीक दिवा जळत असतो, आणि लॉगिनच्या पानावर लाल अक्षरांत येते: टोकन सापडले नाही, कृपया टोकन जोडा. त्या एका ओळीबद्दल हे पत्र आहे.

मुळात लॉगिनच्या पानाला टोकन थेट दिसतच नाही, दिसायची सोयही नाही. पूर्वी जावाचे अॅप्लेट ब्राउझरच्या आत चालायचे आणि ते थेट टोकनशी बोलायचे. क्रोमने 2015 च्या सप्टेंबरमध्ये ती वाट कायमची बंद केली, फायरफॉक्सने 2017 च्या मार्चमध्ये. तेव्हापासून पोर्टले आपल्याला सहीचा एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावतात. तो आपल्याच संगणकात मागे बसून राहतो आणि 127.0.0.1 या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकाच्या अंतर्गत पत्त्यावर, ठरलेल्या पोर्टवर कान देऊन असतो. लॉगिनचे पान त्या पत्त्याला हाक मारते, प्रोग्रॅम टोकनच्या ड्रायव्हरला विचारतो, ड्रायव्हर पिन मागतो, सही टोकनच्या आत तयार होते आणि त्याच वाटेने परत येते. म्हणजे सांधे तीन: टोकन आणि ड्रायव्हर, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम, प्रोग्रॅम आणि ब्राउझर. यातला कोणताही निखळला तरी पानावरचे वाक्य बहुतेक वेळा तेच असते. आणि त्यात दोष टोकनला दिलेला असतो, जे बिचारे सहसा ठणठणीत असते.

अलीकडचेच एक उदाहरण सांगतो. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या संचालकांचे टोकन. आदल्या संध्याकाळी याच संगणकावर, याच पोर्टलवर सही झाली होती. सकाळी ‘टोकन सापडले नाही’. कंपनीच्या अकाउंटंटने मदतकेंद्राला फोन लावला. तिकडून नेहमीचा पाढा आला: कॅशे साफ करा, दुसरा ब्राउझर वापरून बघा, सहीचा प्रोग्रॅम काढून पुन्हा टाका. हे सगळे करून झाल्यावर तो माझ्याकडे आला.

आम्ही टोकनच्या बाजूने सुरुवात केली. टोकनसोबत जे त्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर येते, ते उघडले. त्यात संचालकांचे नाव दिसले, सहीच्या प्रमाणपत्राची मुदत दिसली, पिन टाकल्यावर लॉगिनही झाले. पहिला सांधा शाबूत. इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. बरेच जण यासाठी विंडोजची certmgr.msc ही यादी उघडतात आणि त्यात नाव दिसले की टोकन दिसतेय असे धरून चालतात. त्या यादीत प्रमाणपत्राची प्रत टोकन काढून घेतल्यावरही राहू शकते. नाव दिसते, पण सही करणारी किल्ली टोकनच्या पोटात असते आणि टोकन कपाटात. म्हणून खात्री करायची ती टोकनच्या सॉफ्टवेअरमध्येच.

मग प्रोग्रॅम जागा आहे का ते पाहिले. त्याचा पोर्ट क्रमांक पोर्टलच्या मदतीच्या पानावर दिलेला असतो. जीएसटीच्या सहीच्या प्रोग्रॅमसाठी तो 1585 आहे. तिथे कमांड प्रॉम्प्टमध्ये असे विचारता येते:

```
netstat -ano | findstr 1585
```

उत्तरात LISTENING आले तर त्या पोर्टवर कोणीतरी ऐकते आहे. काहीच आले नाही तर प्रोग्रॅम सुरूच नाही. आमच्या पोर्टलचा क्रमांक वेगळा होता, पण उत्तर LISTENING असेच आले. मग तोच पत्ता, पुढे https लावून आणि मागे पोर्ट जोडून, ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये टाकला. प्रोग्रॅमचे पान बिनतक्रार उघडले. टोकन ठीक, प्रोग्रॅम ठीक, ब्राउझर त्याच्यापर्यंत पोहोचतोही आहे, आणि लॉगिनच्या पानावर मात्र ‘टोकन सापडले नाही’!

कारण निघाले ते असे. क्रोम रात्रीत आपोआप नव्या आवृत्तीवर गेले होते. 2025 च्या अखेरीस आलेल्या 142 व्या आवृत्तीपासून क्रोमने एक नवी अट घातली आहे. एखाद्या संकेतस्थळाला तुमच्याच संगणकातल्या किंवा स्थानिक नेटवर्कवरच्या पत्त्याशी बोलायचे असेल, तर आधी तुमची परवानगी मागितली जाते. पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट येते, Allow आणि Block अशी दोन बटणे घेऊन. स्थानिक नेटवर्कवरची उपकरणे शोधण्याची परवानगी, असे काहीतरी वाचून कोणताही शहाणा माणूस Block दाबेल, आणि कंपनीतल्या कोणीतरी तेच दाबले होते. त्यात त्याची चूक नाही, चौकटीत टोकनचा किंवा सहीचा शब्दही नसतो. पत्ता आपण स्वतः टॅबमध्ये टाकला तर ही अट लागत नाही, पोर्टलच्या पानाने मागून हाक मारली तर लागते. म्हणून आमची चाचणी पास झाली आणि लॉगिन नापास.

पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर टिचकी मारली, त्या संकेतस्थळाच्या परवानग्यांत Local network access समोर Allow केले, पान पुन्हा लोड केले. पिनची चौकट आली.

ब्राउझरच्या या अटीला माझा विरोध नाही. कोणत्याही संकेतस्थळाने आपल्या संगणकातल्या प्रोग्रॅमना परस्पर हाका माराव्यात, हे धोक्याचेच आहे. माझी तक्रार पोर्टल चालवणाऱ्यांबद्दल आहे. असा बदल ब्राउझरवाले अगोदर जाहीर करतात. आपले पान या वाटेवर उभे आहे हे पोर्टल बांधणाऱ्याला माहीत असायला हवे, आणि लॉगिनच्या बटणाशेजारी ‘अशी चौकट आल्यास Allow दाबा’ एवढी एक ओळ टाकायला कोणाची मंजुरी लागत असेल असे वाटत नाही.

दुसरा प्रकार याहून जुना आहे आणि आजही सर्रास भेटतो. सहीच्या प्रोग्रॅमचे स्वतःचे https प्रमाणपत्र ब्राउझरच्या विश्वासातले नसते. आपण एखादे असे पान टॅबमध्ये उघडले तर ब्राउझर निदान इशारा तरी दाखवतो, पण लॉगिनचे पान मागून जोडणी करते तेव्हा ब्राउझर ती गुपचूप तोडतो आणि आपल्याला पुन्हा तीच लाल ओळ दिसते. उपाय म्हणून https://127.0.0.1:1585 असा पत्ता टॅबमध्ये उघडून Advanced आणि मग ‘पुढे जा’ दाबायला सांगतात. त्याने काम होते, मीही तेच करतो. पण एकीकडे बँका आणि पोलीस ‘असुरक्षित’ इशारा आला तर पुढे जाऊ नका म्हणून घसा कोरडा करतात, आणि दुसरीकडे कर भरण्यासाठी तोच इशारा ओलांडायची सवय लावली जाते. प्रोग्रॅम बसवतानाच प्रमाणपत्र नीट बसवून देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, काही प्रोग्रॅम ते करतातही.

घरून काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. टोकन कार्यालयातल्या संगणकाला लावून ठेवायचे आणि घरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने आत जायचे, हे चालत नाही. त्या सत्रात विंडोज तुमच्या हाताखालच्या, म्हणजे घरच्या संगणकाची स्मार्टकार्डे पाहते. कार्यालयात लावलेले टोकन त्याच्या दृष्टीने नसतेच. टोकन घरी आणून घरच्या संगणकाला लावले आणि जोडणीत स्मार्टकार्डचा पर्याय चालू ठेवला तर दिसते.

आता ज्या सल्ल्यामुळे हे पत्र लिहायला बसलो तो. त्या अकाउंटंटला कोणीतरी ‘टोकन एकदा इनिशियलाइज करून बघा’ असे सांगितले होते. ऐकायला हे रीस्टार्टसारखे वाटते. प्रत्यक्षात टोकनच्या सॉफ्टवेअरमधले Initialize दाबले की आतले प्रमाणपत्र आणि किल्ली दोन्ही पुसली जातात. ती किल्ली टोकनच्या आतच जन्मलेली असते आणि बाहेर काढता येत नाही, त्यामुळे तिची प्रत ना तुमच्याकडे असते, ना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे. मग नव्याने अर्ज, नव्याने ओळखपडताळणी, नवे प्रमाणपत्र, आणि ते प्रत्येक पोर्टलवर पुन्हा नोंदवणे. कंपन्यांना जीएसटीचे विवरणपत्र डिजिटल सहीने दाखल करायचे असते, आणि कर देय असलेल्या मासिक विवरणपत्राला उशीर झाला तर साधारणपणे दिवसाला 50 रुपये विलंबशुल्क, वर कराच्या रकमेवर व्याज. ब्राउझरमधल्या एका बटणासाठी एवढी शिक्षा! सुदैवाने तो अकाउंटंट ते बटण दाबण्यापूर्वी थांबला.

मागणी मोठी नाही. सहीच्या प्रोग्रॅमपर्यंत हाक पोहोचली की नाही, हे लॉगिनच्या पानाला कळते. पोहोचली नसेल तर पानाने ‘सहीच्या प्रोग्रॅमशी संपर्क झाला नाही’ म्हणावे. पोहोचली, पण प्रोग्रॅमला टोकन दिसले नाही, तरच ‘टोकन सापडले नाही’ म्हणावे. त्याखेरीज लॉगिन न करता हे तिन्ही सांधे तपासून दाखवणारे एक चाचणीचे पान प्रत्येक पोर्टलवर असावे, म्हणजे मुदतीच्या चार दिवस आधीच टोकन लावून बघता येईल. आणि मदतकेंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या हातातल्या कागदावर पहिला प्रश्न ‘कॅशे साफ केली का’ हा नसावा, ‘टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचे नाव दिसते का’ हा असावा. उत्तर ‘नाही’ आले तर दोष पोर्टलचा नाही: यूएसबीची जागा बदलावी, ड्रायव्हर पुन्हा बसवावा, टोकन दुसऱ्या संगणकावर लावून पाहावे, आणि तरीही दिसले नाही तर ज्याच्याकडून घेतले त्याला गाठावे. उत्तर ‘हो’ आले तर त्या माणसाला टोकनला हात लावू नका असे तिथेच सांगून टाकावे.

आपला,
एक वाचक, करसल्लागार